मदत हवी आहे: पाच आठवडे एन्झायटीची डायरी लिहितेय, पॅटर्न काही सापडत नाही

दुपारची_सावली (सोमवार, रात्री १०.४०)

सरळ मुद्द्यावर येते. पाच आठवडे झाले रोज लिहितेय, एकही दिवस चुकवला नाही. सगळे सांगतात ट्रिगर सापडतील, अंगातली आधीची लक्षणं कळतील, म्हणून सुरू केलं होतं. आज सगळी पानं परत वाचून काढली तर सगळीकडे एकच, बेचैन, धडधड, ऑफिसमध्ये वाईट. ट्रिगर म्हणावं तर सगळंच ट्रिगर आहे आणि नाही म्हणावं तर काहीच नाही. माझं काय चुकतंय? की डायरीचा उपयोग सगळ्यांना होत नाही? कृपया 'मेडिटेशन करा' असं सांगू नका, करून झालंय.

---

कोरी_पाटी (रात्री ११.०५)

वहीत लिहिता का मोबाइलवर? मी तीन अॅप वापरून सोडली, रिमाइंडर वाजला की त्याचंच टेन्शन यायचं. शेवटी खिशातली छोटी वही आणि पेन्सिल. पेन्सिलच घ्या, पेनची शाई ऐनवेळी दगा देते.

---

झरोका (रात्री ११.२०)

पॅटर्न शोधायच्या नादाला लागू नका हो. रात्री शांत बसून सलग वीस मिनिटं मनातलं सगळं कागदावर ओता, शुद्धलेखन बघू नका, परत वाचू नका. मला याने फार मोकळं वाटलं. यावर संशोधनही झालंय, अमेरिकेत पेनेबेकर म्हणून मानसशास्त्रज्ञ आहेत त्यांनी १९८६ साली केलेलं.

---

मधली_ओळ (मंगळवार, सकाळी ७.१५)

झरोका, तुम्ही म्हणताय ते खरं आहे पण ते वेगळं काम आहे. त्या प्रयोगात लोकांनी पंधरा मिनिटं लिहिलं आणि तेही फक्त लागोपाठ चार दिवस, एखाद्या जुन्या मोठ्या घटनेबद्दल. ते मन मोकळं करायला. इथे ताईंना रोजच्या दिवसात काय कधी सुरू होतं ते पकडायचंय, त्याला ओतून उपयोग नाही, नोंद लागते.

सावली, मी समुपदेशनाचं काम करते, डायरी घेऊन येणाऱ्यांपैकी बरेच जण नेमके इथेच अडकतात. आधी तीन गोष्टी सांगा. लिहिता कधी? एका दिवसाची नोंद जशीच्या तशी इथे टाकाल का? आणि काही औषधं चालू आहेत का, कुठल्याही आजाराची?

---

दुपारची_सावली (सकाळी ९.५०)

रात्री झोपायच्या आधी लिहिते, अजून कधी लिहिणार? ऑफिसमध्ये वेळ कुठे मिळतो. हे घ्या गेल्या मंगळवारचं:

'सकाळपासून बेचैन. मीटिंग होती, दिवस खराब गेला. दुपारी खूप धडधड. संध्याकाळी जरा ठीक. ६/१०.'

एन्झायटीचं औषध नाही.

---

तिसरा_मजला (सकाळी १०.१०)

कॉफी बंद करा. बाकी काही करायची गरज नाही. मी दुपारची कॉफी सोडली आणि आठ दिवसांत धडधड गेली.

दुपारची_सावली (सकाळी १०.१५)

मी कॉफी घेत नाही. चहाही नाही.

तिसरा_मजला (सकाळी १०.३०)

मग स्मार्टवॉच घ्या. हार्ट रेट वाढला की बझ करतं, लिहायची कटकटच नको.

कोरी_पाटी (सकाळी १०.४२)

जिना चढलं तरी वाढतो की हार्ट रेट. माझ्या भावाने घेतलं होतं, दर पाच मिनिटांनी मनगट बघायचा आणि आकडा बघूनच घाबरायचा. काढून ठेवलं तेव्हा बरा झाला.

तिसरा_मजला (सकाळी १०.५०)

ते ज्याच्या त्याच्यावर आहे. मला फायदा झालाय म्हणून सांगतोय.

---

मधली_ओळ (दुपारी १.२०)

सावली, तुमच्या नोंदीत कष्ट आहेत पण दिवस नाही. रात्री लिहायला बसलं की दिवसातला सगळ्यात वाईट क्षण आणि शेवटचा मूड एवढंच हाताला लागतं, मधलं पुसलं जातं. मग त्या वाईट क्षणाच्या आसपास जी मोठी गोष्ट दिसते तिच्यावर मन बोट ठेवतं. तुमच्या बाबतीत ती मीटिंग. ती खरंच कारण आहे की नाही हे या वहीवरून कळूच शकत नाही, कारण ज्या मीटिंगमध्ये काही झालं नाही त्या तुम्ही लिहिलेल्याच नाहीत.

म्हणून दोन बदल करा. पहिला, जेव्हा जाणवेल तेव्हाच दोन ओळी, एक मिनिटाच्या वर नाही. किती वाजले, काय चालू होतं, अंगात नक्की कुठे काय होतंय, मनात कुठलं वाक्य आहे, शून्य ते दहात किती, आणि मग तुम्ही काय केलंत. 'बेचैन' हा शब्द वापरायचाच नाही. बेचैन म्हणजे पोटात, छातीत, की हातात, ते लिहायचं.

दुसरा बदल लोकांना विचित्र वाटतो पण खरी किल्ली तीच आहे. दिवसात तीन ठरलेल्या वेळा धरा, समजा ११, ३ आणि ७. त्या वेळी काहीही होत नसलं तरी लिहायचं, 'काही नाही, १' एवढंही पुरे. शांत वेळेची नोंद नसेल तर तुलना कशाशी करणार?

आणि धडधड सुरू झाली की लगेच मागे वळून बघा, त्याच्या अर्धा-पाऊण तास आधी शरीर काय करत होतं. धडधड हे पहिलं लक्षण असतंच असं नाही, बऱ्याचदा ते आपल्या लक्षात येणारं पहिलं असतं.

औषधांचं परत विचारते. एन्झायटीचं नाही, दुसरं कुठलं? पंप, सर्दीची गोळी, थायरॉइड, काहीही.

---

दुपारची_सावली (दुपारी २.०५)

दम्याचा पंप आहे, लागेल तसा घेते. पण तो लहानपणापासून आहे, त्याचा इथे काय संबंध?

---

मधली_ओळ (दुपारी २.३०)

असेल किंवा नसेलही. सालब्युटामॉलचा, म्हणजे बहुतेकदा तो निळा पंप, त्याने काही जणांचे हात थरथरतात आणि छाती धडधडते, थोड्या वेळाने ओसरतं. वहीत ते हुबेहूब एन्झायटीसारखं दिसेल. पंप बंद अजिबात करायचा नाही हं, फक्त घेतल्याची वेळ लिहायची.

---

झरोका (दुपारी ३.००)

एवढं दिवसभर शरीराकडे लक्ष ठेवलं तर माणूस आजारी नसला तरी पडेल. माझं मत स्पष्ट आहे, लिहून वाढतं.

मधली_ओळ (रात्री ९.१०)

वाढू शकतं, हे मी नाकारत नाही. नोंद दोन ओळींची दोन पानं व्हायला लागली, किंवा आकडा कमी झाला का हे बघायला माणूस परत परत वही उघडायला लागला, की समजायचं नोंद संपली आणि काळजी सुरू झाली. म्हणून तर एक मिनिटाची मर्यादा सांगितली. आणि हे कायमचं करायचंच नाही, दोन-तीन आठवडे करून थांबायचं. सावली, रोज परत वाचत बसू नका, दोन आठवड्यांनी एकदम वाचा.

---

निळी_कडा (रात्री ११.४५)

मला पण झोप लागत नाही. रात्री २ ला जाग येते ती येतेच. झोपेसाठी कोणी काही सांगेल का?

कोरी_पाटी (बुधवार, सकाळी ८.००)

निळी कडा, वेगळा धागा काढा ना, इथे हरवून जाईल तुमचा प्रश्न.

---

दुपारची_सावली (सोळा दिवसांनंतर, गुरुवार, रात्री ८.३०)

परत आलेय. मधे तीन दिवस राहून गेलं लिहायचं, पण तेरा दिवसांचं आहे. आज पहिल्यांदा सगळं एकत्र वाचलं. काही नोंदी आहेत तशा टाकते:

'सोम. ११.००. मीटिंगमध्ये मीच बोलतेय. अंगात काही नाही. १.'

'सोम. ३.००. साहेबांचा २.२० ला मेसेज, संध्याकाळी बोलू. एकच ओळ चौथ्यांदा वाचतेय. दात आवळलेले, जीभ टाळूला चिकटून. मनात: माझं काहीतरी चुकलंय. ३.'

'सोम. ४.१५. धडधड, तळवे गार. ७. फोन चार वेळा बघितला, मग उठून पॅसेजमध्ये गेले.'

'बुध. ८.१०. हात थरथरतायत, धडधड. मनात काहीच नाही. ५. पंप ८.०० ला.'

'शुक्र. १.३०. बहिणीचा मेसेज, वेळ झाला की फोन कर. दात. ३. लगेच फोन लावला, तिला एक पत्ता हवा होता. ०.'

मीटिंग मोजल्या. तेरा दिवसांत नऊ झाल्या, त्यातल्या सात मीटिंगच्या वेळी आकडा २ च्या वर गेलेलाच नाही. पाच आठवडे मी मीटिंगला घाबरते असं धरून चालले होते! आणि सकाळच्या चार धडधडीत चारही वेळा आधी पंप आहे.

दुपारच्या सहा नोंदी आहेत, त्यातल्या पाचात कोणाचा तरी 'नंतर बोलू' प्रकारचा मेसेज आहे आणि पाचही वेळा दात आधी आवळलेत. मला हे माहीतच नव्हतं की मी दात आवळते.

---

मधली_ओळ (रात्री ९.४०)

किती स्वच्छ लिहिलंय. तुमची एक डायरी नव्हती, दोन होत्या, एकमेकीत मिसळलेल्या. सकाळची धडधड विचाराशिवाय येते आणि पंपामागून येते, ती डॉक्टरांना या नोंदींसकट दाखवा. तेरा दिवसांत चारदा सकाळी पंप लागत असेल तर दम्याचंच औषध बदलायला हवं असेल, ते डॉक्टरच ठरवतील.

दुपारची मेसेजमुळे पण नाही, मेसेज आणि उत्तर यांच्या मधल्या वेळेमुळे येते असं मला दिसतंय. सोमवारी ३ ते ४.१५ मधे आकडा तीनवरून सातवर गेला, सव्वा तास तुमच्या हातात होता. दात आवळलेले कळले की तीच तुमची घंटा. जबडा सैल सोडा, दोन ओळी लिहा, हातातलं काम चालू ठेवा.

एक मात्र सांगते, शुक्रवारची नोंद मला खटकली. लगेच फोन लावला आणि आकडा शून्य झाला. सुटका झाली, पण न विचारता तो आकडा उतरतो का हे तुम्हाला कधी कळलंच नाही. पुढच्या वेळी वीस मिनिटं थांबून बघा, फोन उलटा ठेवून, आणि विसाव्या मिनिटाला परत आकडा लिहा.

---

झरोका (रात्री १०.०५)

हे मला पटलं नाही. बहिणीला फोन करायला वीस मिनिटं थांबायचं? स्वतःला मुद्दाम त्रास कशाला द्यायचा?

मधली_ओळ (रात्री १०.२०)

बहिणीशी बोलू नका असं नाही. फक्त भीती घालवायला म्हणून तो फोन नको.

झरोका (रात्री १०.२८)

त्या क्षणी कोण कशासाठी फोन करतंय हे माणसाला कळतं का पण?

---

तिसरा_मजला (रात्री १०.३५)

आणि ती सहावी नोंद? सहातल्या पाचात मेसेज म्हणालात.

दुपारची_सावली (रात्री ११.१०)

सहावी शनिवारची आहे. घरीच होते, मेसेज नाही, पंप नाही, जेवण वेळेवर झालेलं. ४.४० ला सरळ ६, आणि दात वगैरे काही नव्हतं, किंवा मला जाणवलं नाही. ती कशात बसत नाहीये. अजून एक आठवडा लिहिते. वीस मिनिटांचं आज करून बघितलं, साडेअकरा मिनिटांनी फोन उचलला. सुरुवातीला ५ होतं, दहाव्या मिनिटाला ४ लिहिलंय.