आठवड्याचे ४८ तास चार दिवसांत बसवतायत, मधल्या सुट्ट्या किती आणि कशा मागाव्यात? (मदत हवी आहे)

मीना_नारायणगाव

नमस्कार. मी चाकणच्या एका कारखान्यात रबरी पार्टांची तपासणी आणि पॅकिंग करते, नऊ वर्षं झाली. आमचा विभाग फक्त दिवसपाळीत चालतो. सोमवार ते शनिवार, सकाळी ८ ते दुपारी ४.३०. मध्ये अर्धा तास जेवणाची सुट्टी, ती कामाच्या तासांत धरत नाहीत. सकाळी एकदा आणि दुपारी एकदा दहा-दहा मिनिटांचा चहा, तो मात्र आठ तासांतच धरतात.

आता व्यवस्थापनाने प्रस्ताव ठेवलाय: सोमवार ते गुरुवार, सकाळी ७.३० ते रात्री ८, पुढे तीन दिवस सुट्टी. जेवणाची सुट्टी दुपारी १.३० ते २. चहा दोनदाच, आहे तसा. बऱ्याच जणांना हे हवंय. जुन्नर, आंबेगावकडून येणाऱ्यांची घरी शेती आहे, तीन दिवस सलग मिळणं ही मोठी गोष्ट आहे. मलाही हवंय. पण मी वर्क्स कमिटीवर आहे आणि सुट्ट्यांचा हिशोब घालताना अडकले.

सध्या आठवड्याला जेवणाच्या सहा सुट्ट्या, म्हणजे १८० मिनिटं. चहा बारा वेळा, १२० मिनिटं. एकूण ३००. नव्या पद्धतीत जेवण चार वेळा, १२० मिनिटं, आणि चहा आठ वेळा, ८० मिनिटं. एकूण २००. काम तेवढेच ४८ तास, पण बसायची १०० मिनिटं गेली. त्यातली ४० मिनिटं चहाची, म्हणजे तेवढा वेळ टेबलावर नजर रोखून जास्त काम, त्याच पगारात. हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं, कारण नोटिशीत "चहा-जेवण पूर्वीप्रमाणे" असं लिहिलंय.

मला नक्की काय मागावं ते सांगा. दुसरी जेवणाची सुट्टी मागितली तर सुटायला ८.३० होतील. बसने नारायणगावला पोचायला सव्वा तास लागतो.

ओंकार_एच

ताई, यात बेकायदा काही नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्यात. आठवड्याला ४८ ची मर्यादा पाळली की दिवसाला १२ तास चालतात, चार दिवस काम, तीन दिवस सुट्टी. केंद्राच्या कामगार मंत्रालयानेही तसं सांगितलंय. ४८ च्या वर गेलं तरच ओव्हरटाइम. त्यामुळे सुट्टी किती द्यायची हा कंपनीचा प्रश्न.

दत्ता_काका

मी २६ वर्षं कारखान्यांच्या पर्सोनेल खात्यात काढली. ओंकार, तुझं अर्धं बरोबर आहे. मंत्रालयाने चार दिवसांची मुभा सांगितली हे खरं. पण त्याच खुलाशात १२ तासांत मधल्या सुट्ट्या धरता येतील असंही म्हटलंय. मीनाताईंच्या नोटिशीत सुट्टी १२ च्या बाहेर आहे. ७.३० ते ८ म्हणजे गेटच्या आत साडेबारा तास. इथेच पहिली गडबड.

जुन्या कारखाना कायद्यात (१९४८ चा) तीन वेगवेगळ्या मर्यादा होत्या आणि लोक त्या एकत्र कालवतात. दिवसाचं काम ९ तास. गेटमध्ये आल्यापासून सुटेपर्यंत, सुट्ट्या धरून, साडेदहा तास, आणि परवानगीने फार तर १२. आणि सलग काम ५ तास, त्यानंतर किमान अर्धा तास विश्रांती. हे ५ चे ६ करायला लेखी आदेश लागायचा. ओव्हरटाइमही दिवसाच्या ९ तासांवर आणि आठवड्याच्या ४८ तासांवर, दोन्हीकडून मोजला जायचा. त्यामुळे "४८ च्या आत आहे, विषय संपला" हे तेव्हाही खरं नव्हतं. नव्या संहितेत रोजचं काम आठच तास लिहिलंय. सुट्टी किती मिनिटांची आणि कधी, हे मात्र संहितेत नाही, ते सरकारच्या नियमांवर सोडलंय. म्हणून कमिटीने लेखी विचारावं: हे वेळापत्रक कोणत्या नियमाखाली, आणि आठ तासांपुढचे चार तास कोणत्या दराने? तोंडी उत्तर घेऊ नका.

आता तुमचा मूळ प्रश्न. १.३० ला एकच सुट्टी म्हणजे सहा तास, अर्धा तास, पुन्हा सहा तास. तपासणीच्या कामाला हे वेळापत्रक वाईट. दुसरा सहा तासांचा तुकडा संध्याकाळी येतो, तेव्हा डोळे आधीच थकलेले असतात. शेवटचा तुकडा सगळ्यात लहान हवा. मी असं मांडलं असतं:

७.३० ते ११.३० काम. ११.३० ते १२ जेवण. १२ ते ३.४५ काम. ३.४५ ते ४.१५ दुसरी सुट्टी. ४.१५ ते ७.३० काम.

गेटमध्ये बरोबर १२ तास. काम चार, पावणेचार आणि सव्वातीन, म्हणजे ११ तास. प्रत्येक तुकड्यात एक चहा, म्हणजे दिवसाला तीन. तीन चहा चार दिवस म्हणजे १२० मिनिटं, तुमचा गेलेला चहा परत आला. जेवणाची सुट्टीही चार दिवसांत २४० मिनिटं होते.

मीना_नारायणगाव

काका, हे एकदम पटलं. शेवटचा तुकडा लहान ठेवायचा हे सुचलंच नव्हतं. पण ११ चोक ४४. उरलेले चार तास ते मागणारच.

दत्ता_काका

मागतील. खरं सांगायचं तर ४८ तास प्रत्यक्ष काम आणि माणसाला पुरतील एवढ्या सुट्ट्या, हे दोन्ही चार दिवसांत गेटमधल्या १२ तासांत बसतच नाही. कुणीतरी काहीतरी सोडावं लागतं. एकतर कंपनीने ४४ वर तोच पगार मान्य करायचा, नाहीतर एक आड एक शनिवारी आठ तास भरून द्यायचे. तिसरा मार्ग गेटमधला वेळ १३ तास करण्याचा, तो मी कुणाला सुचवणार नाही.

स्लाऊचा_सचिन

मी इंग्लंडमध्ये कौन्सिलच्या कार्यालयात आहे. आमचे आठवड्याचे ३७ तास, ते मी चार दिवसांत करतो, रोज सव्वानऊ. इथल्या कायद्यात सहा तासांहून जास्त काम असलं की २० मिनिटांची एक सुट्टी. सात तास करा की दहा, सुट्टी एकच. म्हणजे तुम्ही म्हणताय तसंच, सुट्टी दिवसाला बांधलेली आहे, तासांना नाही. पहिले दोन महिने मी अर्ध्या तासाच्या लंचवर काढले. चारनंतर ईमेल दोनदा वाचावा लागायचा. मग दुपारची १५ मिनिटं लेखी मागून घेतली, बिनपगारी. दिवस बरोबर दहा तासांचा झाला आणि मला तो परवडला. अर्थात मी खुर्चीवरून कधीही उठू शकतो, तुमच्या टेबलावर ते शक्य नसणार.

रानवारा

चार दिवसांचा आठवडा उत्तमच! आमच्या ऑफिसात शुक्रवार बंद केला, पगार तोच, कामाचे तास ३४ वर आले. घरच्यांना वेळ मिळतो. नक्की हो म्हणा.

मीना_नारायणगाव

रानवारा, तुमच्याकडे तास कमी झालेत. आमचे तेवढेच राहतायत, फक्त दाबून बसवलेत. चांगल्या मनानेच म्हणालात, पण आमचा प्रश्न वेगळा आहे.

अनघा_ठाणे

मी खासगी रुग्णालयात परिचारिका आहे, बारा तासांची ड्यूटी. माझा अनुभव एवढाच की कागदावर आमच्याही दोन सुट्ट्या आहेत. पहिली मिळते. दुसरी महिन्यातून चार-पाच वेळा मिळत असेल. कुणी अडवत नाही, पण माझे पेशंट त्या अर्ध्या तासात कोण बघणार हे ठरलेलं नाही. जिच्या हाती सोपवायचं तिच्याकडे तिचे स्वतःचे असतात. त्यामुळे किती मिनिटं हे विचारण्याआधी विचारा: सुट्टीत तुमचं टेबल कोण धरणार?

मीना_नारायणगाव

अनघाताई, हे वाचून आज शेडमध्ये बसून हिशोब केला. आमची आठ टेबलं, पट्टा चालूच असतो. एक रिलीव्हर दिला तर प्रत्येकीला अर्धा तास सोडवायला त्याला चार तास लागतात. म्हणजे पहिली १० ला जेवणार आणि आठवी दीडला. दुसरी फेरी २ ला सुरू केली तरी शेवटचीची सुट्टी ६ ला संपणार. कागदावर सगळ्यांना दोन सुट्ट्या, पण पहिल्या टेबलावरची तिची दुसरी सुट्टी अडीचला संपवून पुढे ७.३० पर्यंत सलग पाच तास बसणार. दोन रिलीव्हर दिले तर एक फेरी दोन तासांत होते, मग काकांचं वेळापत्रक जवळपास जमतं.

दुसरं, अर्धा तास कुठून कुठपर्यंत तेही मोजलं. कँटीनला जाऊन-येऊन १० मिनिटं. हातमोजे काढून पावडर धुवायची आणि रांग, ८ मिनिटं. जेवायला उरतात १२.

दत्ता_काका

दोन रिलीव्हर नसतील तर पट्टा बंद करून सगळ्यांनी एकदम उठणं बरं, पण मग कँटीनची रांग वाढते. ३.४५ च्या सुट्टीचा नाश्ता शेडजवळच आणून द्यायला सांगा. तेवढी दहा मिनिटं वाचतात.

आणखी एक करा. आधी चार आठवडे चाचणी मागा आणि प्रत्येक तासाला किती खराब पार्ट पकडले, किती सुटून पुढे गेले, हे लिहून ठेवा. शेवटच्या दोन तासांत पकडलेले कमी आणि सुटलेले जास्त झाले, तर डोळे थकले एवढाच अर्थ. व्यवस्थापनाला तो कागद समजतो, कारण ग्राहकाकडून परत आलेला माल त्यांना महाग पडतो.

ओंकार_एच

काका, दिवसाच्या ओव्हरटाइमचं मला माहीत नव्हतं. पण कामगारांनी लेखी संमती दिली तर?

दत्ता_काका

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने १२ तासांचा निर्णय घेतला तेव्हा लेखी संमतीची अट होतीच. पण संमती म्हणजे जादा थांबायला होकार. त्याने विश्रांती सोडून देता येते असं मी मानत नाही. यावर वकिलाचं मत घ्यावं.

मीना_नारायणगाव

आज बैठक झाली. तिसरा चहा मान्य. दुसरी सुट्टी २० मिनिटांची, साडेपाचला देऊ म्हणाले, १२ च्या बाहेर. म्हणजे सुटायला ८.२० आणि घरी साडेनऊच्या पुढे. पुन्हा पहाटे पाचला उठायचं. मी नाही म्हटलं, तर आमच्यातल्याच तिघी नाराज झाल्या, त्यांना तीन दिवस हातचे जायची भीती आहे. नियमाचा क्रमांक लेखी मागितलाय, गुरुवारी देतो म्हणाले. रिलीव्हर एकच देणार.

चाकण किंवा रांजणगावात कुणाच्या कारखान्यात एक आड एक शनिवार घेऊन चार दिवसांची पाळी चालू असेल, तर दुसरी सुट्टी किती वाजता ठेवलीय आणि ती बारा तासांच्या आत धरलीय का, एवढं सांगाल का? बैठकीआधी कळलं तर हवंय.