सरांनी मेलमध्ये ८० पैकी ४८ लिहिलंय. क्लास बदलावा का?

इंदिरानगरची आई:
मुलगा दहावीला आहे, राज्य मंडळ, सेमी इंग्लिश. गणिताच्या खाजगी शिकवणीच्या सरांनी मेल पाठवलाय. मोठा आहे, महत्त्वाचं तेवढं देते: "सध्याची सरासरी बीजगणित ४० पैकी १७, भूमिती ४० पैकी १४. मार्चसाठी वास्तव लक्ष्य २६ आणि २२, म्हणजे ८० पैकी ४८. बीजगणितात वाढायचे ९ गुण असे: आकडेमोडीच्या चुका थांबवून ४, कृतीचे प्रश्न पूर्ण करून ३, चार गुणांच्या प्रश्नातल्या पायऱ्यांचे २. अंतर्गत २० गुण यात धरलेले नाहीत."
मिस्टर म्हणाले, ज्याला ४८ चंच स्वप्न पडतं त्याला आपण फी कशाला द्यायची? कॉलेज रोडला ९० ची भाषा बोलणारे क्लास आहेत. पूर्वपरीक्षा जानेवारीत. बदलू का?

सातपूरकर:
बदला. लक्ष्य कमी दिलं की मुलगा त्याच्याही खालीच थांबतो. माझ्या वेळी सर म्हणाले होते, "काठावर निघशील." मी काठावरच निघालो. शिकवणाऱ्यानेच हात टेकले तर पोरगं कशाला झटेल? आणि हे लेखी देतात म्हणजे उद्या बोट दाखवायला मोकळे, "मी आधीच सांगितलं होतं."

नाशिकरोड_निवांत:
४८ म्हणजे शंभरातले ४८ नव्हेत हो. ८० पैकी ४८ म्हणजे ६० टक्के. त्यात अंतर्गतचे १७-१८ धरा, गुणपत्रिकेवर ६५-६६ दिसतील. मिस्टरांनी मेल अर्धाच वाचलेला दिसतोय. शिवाय बेस्ट ऑफ फाइव्ह आहेच, गणित कमी पडलं तर टक्केवारीतून बाहेर जाईल. एवढं टेन्शन कशाला?

खडू_आणि_डस्टर:
निवांत, ४८ चं बरोबर बोललात, बाकीचं निम्मं. बेस्ट ऑफ फाइव्हने एकूण टक्केवारी सावरते, पण गणितात पास व्हावंच लागतं आणि गुणपत्रिकेवर गणिताचा आकडा तसाच छापून येतो. अकरावीला सायन्स घेऊन गणित ठेवायचं असेल तर तो आकडा झाकून काय उपयोग? अंतर्गतचे गुण सरांनी बाजूला ठेवले ते योग्यच केलं. ते शाळेच्या हातात असतात, शिकवणीच्या नाही.

ताई, मला खटकतंय ते ४८ नाही, १७ आहे. ही सरासरी कशाकशाची काढलीय? बीजगणिताचे सगळे पेपर आणि तारखा सांगता का? शेवटच्या पेपरचे प्रश्नवार गुणही द्या.

दिंडोरीचा_द्राक्षवाला:
आमच्याकडे दहावीचे पेपर आणि द्राक्षाची काढणी एकदमच येते. मुलगी फेब्रुवारीत बागेवर पेट्या मोजायला थांबायची. तिच्या मॅडमनी असाच कागद दिला होता. त्यात गुणांखाली लिहिलं होतं, "रोज ४० मिनिटे, जेवणाआधी." गुणांचं मी विसरलो, ती ४० मिनिटं मात्र पाळली. तुमच्या मेलमध्ये वेळ दिलीय का? का नुसतेच गुण?

इंदिरानगरची आई:
दादा, वेळ नाही दिलेली, खरंच की.
पेपर सापडले. ऑगस्टमध्ये २० ची चाचणी, दोन चलांतील रेषीय समीकरणे एवढंच, ११ मिळाले. ते दुप्पट करून २२ धरलेत. सहामाहीत १६. डिसेंबरच्या सराव पेपरात, पूर्ण अभ्यासक्रम, १३. त्यात पहिल्या प्रश्नात ८ पैकी ५, दुसऱ्यात १२ पैकी ६, तिसऱ्यात ९ पैकी २. चौथ्याला हातच लावलेला नाही, पाचव्यालाही नाही.

खडू_आणि_डस्टर:
बघा, २२, १६, १३. सरासरी १७ बरोबर निघते, पण उतरण त्यात दिसतच नाही. आज त्याला ४० चा पेपर दिला तर १७ येणार नाहीत, १३ च्या आसपास येतील. एका धड्याची चाचणी दुप्पट करून पूर्ण पेपराशेजारी मांडायची नसते. तिथे कोणतं सूत्र वापरायचं हे मुलाला आधीच ठाऊक असतं, पूर्ण पेपरात ते त्यालाच ओळखावं लागतं.

आता सरांचे ९ गुण १३ वर ठेवा, २२ होतात. २६ ला ४ कमीच. म्हणजे मिस्टरांना जे लक्ष्य लहान वाटतंय ते या आराखड्याला जरा मोठंच आहे.

तरी २६ अशक्य नाही, वाट वेगळी आहे. पहिले दोन प्रश्न मिळून २० गुणांचे, तिथे याला ११ आहेत. ते १७ करायचे. तिसऱ्यात २ चे ६. चौथ्यात दोन प्रश्न सोडवायचे असतात, त्यातले जमतील तेवढे टप्पे लिहून ३. शाब्दिक उदाहरणात चल मानले आणि समीकरण नीट मांडलं तरी टप्प्याचे गुण मिळतात, कोरं सोडलं तर शून्य. झाले २६. पाचव्याच्या ३ गुणांच्या मागे या मुलाने सध्या लागू नये.

आणि "आकडेमोडीच्या चुका" एवढं लिहून काही होत नाही. कोणती चूक ते शोधा. क्रेमरच्या पद्धतीने सोडवलेल्या समीकरणांची उत्तरं बघा बरं.

इंदिरानगरची आई:
आत्ताच बघितलं. `3x − 2y = 4` आणि `5x + 4y = 14`. त्याने `D = 12 − 10 = 2` लिहिलंय. उत्तर `x = 22`, `y = 11`.

खडू_आणि_डस्टर:
हेच. सूत्रातलं वजा आणि `−2` मधलं वजा मिळून अधिक होतं, `D = 12 + 10 = 22`. `Dx` त्याने बरोबर ४४ काढलं असणार, म्हणून तर २२ आलं. खरं उत्तर `x = 2`, `y = 1`. त्याची उत्तरं पहिल्या समीकरणात घातली तर `66 − 22 = 44` येतं, हवेत ४. एका ओळीचा ताळा घेतला असता तर तिथेच पकडलं असतं. ऋण संख्या कंसात लिहायची आणि ताळा घ्यायचा, या दोन सवयींना तीन आठवडे द्या. मग तशीच पाच उदाहरणं घालून बघा, किती चुकतात ते मोजा.

सातपूरकर:
हिशोब पटला. तरी २६ हा आकडा मुलाला सांगू नये असंच मला वाटतं. मोठ्यांनी आपल्यापाशी ठेवावा.

खडू_आणि_डस्टर:
त्यावर आमच्या शाळेतही दोन तट आहेत. मी आकडा सांगत नाही, प्रश्न सांगतो: "पहिल्या दोनमध्ये तीनच गुण जाऊ देत." पण काही मुलांना आकडा लागतोच, भिंतीवर चिकटवतात. तुमचा कसा आहे ते तुम्हालाच माहीत.

पंचवटी_०७:
भूमितीचं कोणी बोललंच नाही. १४ वरून २२ कसे होणार? रचनेचे गुण तर हातचे असतात.

इंदिरानगरची आई:
भूमितीचे पेपर अजून त्याच्या दप्तरातच आहेत, बघते. रचनेत पेन्सिल बोथट असते एवढं मला नक्की माहीत आहे.
सरांना लिहिलंय की सरासरी नको, डिसेंबरच्या पेपरावरून आराखडा पुन्हा करून द्या, आणि रोजचा वेळही लिहा. मिस्टर म्हणतात पूर्वपरीक्षेपर्यंत थांबू. कॉलेज रोडच्या क्लासचं माहितीपत्रक मात्र फ्रिजवर लावून ठेवलंय त्यांनी.