अक्षता पडल्यानंतर आधी विधी की आधी भेटीगाठी? वधूपक्षाच्या वेळापत्रकावर चर्चा

वधूचा भाऊ (पुणे)

बहिणीचे लग्न मे महिन्यात पुण्यातील एका कार्यालयात आहे आणि मुहूर्त दुपारी 12 वाजून 21 मिनिटांचा आहे. वराकडील मंडळी सांगलीहून आदल्या दिवशी येतील, त्यामुळे सीमांतपूजन आणि वाङ्‌निश्चय आदल्या संध्याकाळीच उरकतील. कार्यालय दुसऱ्या दिवशी 4 वाजता रिकामे करून द्यायचे आहे. पाहुणे सुमारे 400 असून भोजनगृहात एका पंगतीला 140 पाने बसतात. मी असे ठरवले आहे की अक्षता पडल्यावर अडीच वाजेपर्यंत भेटीगाठी आणि पंगती चालतील आणि कन्यादान, होम व सप्तपदी त्यानंतर होईल. हे जमेल का? नसेल तर सकाळपासूनच्या वेळा कशा बसवाव्यात?

मावशी (ठाणे)

अडीचला कन्यादानाला बसलात तर 4 वाजता कार्यालय सोडता येणार नाही. कन्यादानापासून सप्तपदीपर्यंत गुरुजींनी घाई न करता सांगितले तर दीड ते पावणेदोन तास सहज लागतात, आणि त्यानंतर व्याह्यांची पंगत, झाल आणि पाठवणी उरतेच. शिवाय आईवडील पहाटेपासून उपाशी असतात. मे महिन्याच्या उकाड्यात, रेशमी वस्त्रांत, रिकाम्या पोटी त्यांना चार वाजेपर्यंत ताटकळत ठेवणे मला मुळीच मान्य नाही. माझ्या मते विधी लगेच सुरू करावेत.

वेळा बसवताना दोन टोके पक्की धरावीत, एक मुहूर्त आणि दुसरे 4 वाजता कार्यालय सोडणे, आणि दोन्हींकडून मागे मागे यावे. मुहूर्ताच्या दहा मिनिटे आधी मामाने वधूला आणायला निघायचे, तर गौरीहराची पूजा पावणेअकराला सुरू झाली पाहिजे, म्हणजे तिला शांतपणे बसता येते. त्याआधी साडी, केस आणि दागिने यांना दीड तास धरा, म्हणजे सव्वानऊला ती आरशासमोर बसलेली हवी. त्याआधी पुण्याहवाचन आणि देवक, आणि त्याला तिला आईवडिलांबरोबर बसायचे असते. ते साडेसातला सुरू झाले तर नऊपर्यंत उरकते. म्हणजे हळद आणि मंगलस्नान सव्वासातच्या आत झाले पाहिजे.

सगळे गाडे अडते ते या हळदीपाशी. वराला लावून उरलेली उष्टी हळद त्यांच्याकडच्या सुवासिनी घेऊन येतात, तोपर्यंत आपली मुलगी न्हायला जाऊ शकत नाही, आणि त्यांच्याकडे तर रात्री गप्पांत जागरण झालेले असते. म्हणून पहाटे साडेपाचला वराकडच्या खोल्यांवर चहा पोहोचवा आणि तो नेणाऱ्यालाच हळदीची आठवण करायला सांगा. पावणेसातपर्यंत हळद आली नाही तर आपल्यातल्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईने स्वतः जाऊन ती मागून आणावी, त्यात कमीपणा नाही. ही अर्ध्या तासाची दिरंगाई सकाळी कोणाच्या लक्षात येत नाही, पण ती थेट गौरीहरापर्यंत जाते आणि मग मुलगी नीट पूजा न करता धावत मंडपात येते.

नाश्ता साडेसात ते साडेनऊ असा सलग चालू ठेवावा. सव्वाअकरापासून पाहुणे येऊ लागतील, तेव्हा दाराशी पन्हे किंवा कोकम सरबत आणि अक्षता घेऊन चार माणसे उभी हवीत, आणि ती चारही अशी हवीत की ज्यांचे विधीत काही काम नाही.

एका मुलीचे वडील (नाशिक)

मावशींची सकाळची मांडणी उत्तम आहे, पण दुपारचा आग्रह मला पटत नाही. मिनिटाला बांधलेला असतो तो अंतरपाट दूर होण्याचा क्षण. होमाला तशी मिनिटांची अट नसते. पाहुणा कामाचा दिवस बाजूला ठेवून, उन्हातून, कोणी तर दुसऱ्या गावाहून येतो तो वधूवरांना भेटून आशीर्वाद द्यायला. अक्षता टाकल्याबरोबर वधूवर होमापाशी बसले आणि पुढचे दोन तास छायाचित्रकारांच्या पाठीआड गेले, तर पाहुणा जेवतो, व्यासपीठाकडे लांबून पाहतो आणि निघून जातो. आमच्या मुलीच्या लग्नात आम्ही आधी पाऊण तास भेटीगाठी ठेवल्या, मगच विधी केले. माझ्या वृद्ध काकांना तिच्या डोक्यावर हात ठेवता आला, आणि त्या एका गोष्टीसाठी उशीर झाला तरी मला त्याचे काही वाटले नाही. आम्ही दोघांनी केळे खाऊन दूध घेतले होते, त्यामुळे उपासाचा त्रास झाला नाही.

पौरोहित्य करणारा (वाई)

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. मुहूर्त अक्षतांचा असतो हे खरे, पण म्हणून पुढचे विधी वाटेल तेव्हा तोडता येतात असे नाही. एकदा कन्यादानाचा संकल्प झाला की मंगळसूत्र, विवाहहोम, लाजाहोम आणि सप्तपदी ही साखळी सलग राहावी, असे मी यजमानांना नेहमी सांगतो. थांबायचेच असेल तर कन्यादानाच्या आधी थांबावे. क्रमात शाखेप्रमाणे आणि घराण्याप्रमाणे फरक असतो, म्हणून आपल्या गुरुजींशी आधी बोलून त्यांच्या तोंडून वेळ वदवून घ्यावी. लग्नसराईत त्यांना संध्याकाळी दुसरीकडे जायचे असू शकते.

आणखी एक गोष्ट बहुतेक जण आयत्या वेळी विचारतात. वातानुकूलित सभागृहात होमाला परवानगी आहे का आणि धूर कुठून बाहेर जाणार? काही कार्यालयांत होमासाठी वेगळी जागा असते. ती व्यासपीठापासून दूर असेल तर सगळे सामान, पाट आणि माणसे हलवण्यात पंधरा मिनिटे जातात, आणि ती कोणाच्याच वेळापत्रकात धरलेली नसतात.

सातारकर

आमच्याकडे थोरल्या भावाचे लग्न गोरज मुहूर्तावर लागले. सकाळी हळद, दुपारी जेवून सगळ्यांनी दोन तास चांगली झोप काढली आणि संध्याकाळी ताजेतवाने होऊन उभे राहिलो. माझे म्हणणे एवढेच आहे की दुपारी 2 ते 4 विश्रांती ठेवावी, म्हणजे या अडचणी येतच नाहीत.

मावशी (ठाणे)

सातारकर दादा, यांचा मुहूर्तच दुपारचा आहे आणि 4 वाजता कार्यालय सोडायचे आहे, त्यामुळे ती विश्रांती इथे बसणार नाही. पण विश्रांतीचा मुद्दा घेण्यासारखा आहे. पुण्याहवाचन संपल्यावर वधूच्या आईला नऊ ते पावणेदहा या वेळेत एका खोलीत दार लावून आडवे होऊ द्यावे आणि त्या वेळात किल्ल्या, पाकिटे आणि फोन तिच्याजवळ ठेवू नयेत. तिच्याजवळ फोन असला की मंडपवाला, फुलवाला आणि आचारी तिलाच विचारतात.

गेल्या वर्षी लग्न झालेली (डोंबिवली)

माझे मत मुलीच्या बाजूने आहे. वधूने उपास करण्याची काहीच गरज नाही, ती जुनी समजूत आहे. मी सकाळी उपमा खाल्ला होता, तरी दोन वाजता होमासमोर मला घेरी आली, कारण सकाळी आठनंतर पाणीसुद्धा नीट प्यायले नव्हते. दागिने आणि साडी आवरून सारखे उठावे लागू नये म्हणून मुली पाणी टाळतात. तेव्हा गौरीहराला बसण्यापूर्वी तिला कोणीतरी आठवणीने लिंबू सरबत पाजावे आणि एक करवली फक्त तिच्यासाठी मोकळी ठेवावी. तसेच वृद्ध माणसांसाठी आणि मधुमेह असलेल्यांसाठी पहिली पंगत अक्षतांच्या आधीच, अकराला बसवावी.

पौरोहित्य करणारा (वाई)

ताई, पाण्याबद्दल आपण म्हणता ते अगदी योग्य आहे. उपासाबद्दल मात्र सरसकट बोलता येणार नाही. अनेक घरांत वधू आणि कन्यादान करणारे आईवडील त्यापूर्वी अन्न घेत नाहीत, पण दूध, फळे, पाणी चालते. ते त्या त्या घराने ठरवावे.

मावशी (ठाणे)

आणि अकराची पंगत जमणार नाही, कारण मसालेभात, अळूची भाजी आणि जिलबी बाराच्या सुमाराला तयार होतील असेच आचाऱ्याचे गणित असते. लग्न लागण्याआधी पंगत बसलेली पुष्कळांना खपतही नाही. मधुमेह असलेल्यांसाठी अकराला खोलीवर उपमा आणि ताक पाठवावे आणि त्यांना पहिल्या पंगतीत बसवावे.

वधूचा भाऊ (पुणे)

आपल्या सर्वांच्या सांगण्यावरून दुपार पुन्हा मांडली आहे. आमच्याकडे वधू मुहूर्ताला मामाने दिलेली पिवळी अष्टपुत्री नेसते आणि विधींना सासरचा शालू, म्हणजे मध्ये वीस मिनिटे लागणारच. माळा घातल्यावर 12:35 ते 1:00 वधूवर व्यासपीठावर भेटतील. 1:00 ते 1:20 शालू नेसणे, आणि तोवर वर आणि दोन्हीकडचे आईवडील पाहुण्यांजवळ थांबतील. 1:20 ते 2:55 कन्यादान ते सप्तपदी. पंगती 12:45, 1:30 आणि 2:15 ला. व्याह्यांची पंगत 2:55 ला, झाल आणि सूनमुख 3:35 ला, पाठवणी 3:50 ला.

एका मुलीचे वडील (नाशिक)

पंचवीस मिनिटांत 400 माणसे भेटणार नाहीत. प्रत्येकाला छायाचित्रासाठी थांबवू नका, तसे छायाचित्रकाराला आधीच सांगून ठेवा, म्हणजे निदान म्हातारीकोतारी माणसे तरी भेटतील. बाकीच्यांना आपण जेवणाच्या पंगतीत जाऊन भेटावे. तरीही मी असतो तर भेटींसाठी पाऊण तास ठेवला असता आणि एक तास जास्तीचे भाडे भरले असते.

मावशी (ठाणे)

भाड्याचा प्रश्न नाही. संध्याकाळी दुसरे कार्य असेल तर कार्यालय तो तास देणारच नाही, ते आजच विचारून घ्या. या मांडणीत मला धोका दिसतो तो 2:15 च्या पंगतीचा. ती 3 पर्यंत चालेल आणि तेव्हाच व्याह्यांची पाने मांडायची असतील, तर रांगोळी, चांदीची ताटे आणि उदबत्त्या लावायला जागाच उरणार नाही. पहिल्या पंगतीपासूनच भोजनगृहाच्या एका कोपऱ्यात पंचवीस पाने राखून तिथे आपला एक माणूस बसवा. त्याने उरलेली पाने 115 होतील आणि तीन पंगतींत 345 माणसेच बसतील, म्हणून वर राहणाऱ्या पंचावन्न जणांची, म्हणजे वाढप करणारी पोरे, वाहनचालक आणि आपली घरची माणसे यांची, सोय व्हरांड्यात टेबलांवर करावी लागेल. आणि हे आचाऱ्याला आधी सांगावे लागेल, कारण तो वाढपी पंगतीच्या हिशेबाने आणतो.

वधूचा भाऊ (पुणे)

कार्यालयाला विचारले. संध्याकाळी 6 वाजता दुसरे कार्य आहे, त्यामुळे 4 नंतर थांबता येणार नाही. व्हरांड्यातील टेबले ते देत आहेत. भेटींच्या पंचवीस मिनिटांबद्दल वराच्या वडिलांशी रविवारी बोलणार आहे. त्यांचाही कल आधी भेटीगाठी लांबवण्याकडे आहे आणि आमच्या गुरुजींना मात्र एकच्या सुमारास कन्यादानाला बसायचे आहे.