पाचव्या प्रश्नाचा रकाना रिकामा

बी-३०४ स्मिता : मंडळी, मदत हवी होती. सानिकाचा अभियांत्रिकी गणित-३ राहिला. ७० पैकी २४, पासिंगला २८ लागतात. रडून डोळे सुजलेत. परीक्षा विभागाला मेल लिहिलाय, कुणी बघाल का?

बी-३०४ सानिका : "आदरणीय सर, मी पेपर खूप चांगला लिहिला होता. मला किमान ४५ अपेक्षित होते. बाकी विषयांत मला चांगले गुण आहेत. कृपया माझा पेपर पुन्हा तपासावा ही नम्र विनंती."

सी-२०१ महेश : आज टँकर किती वाजता येणार?

ए-१०२ कुलकर्णी काका : महेश, सेक्रेटरींना फोन कर. सानिका, मी एकवीस वर्षं कॉलेजच्या परीक्षा विभागात होतो. असे मेल रोज यायचे, आणि आम्हाला त्यांचं काहीच करता यायचं नाही. "चांगला लिहिला होता" हे कारणच होत नाही. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवलीस का?

सानिका : हो काका, काल पीडीएफ आली. बघायची हिंमत झाली नाही.

कुलकर्णी काका : आधी ती उघड. पहिल्या पानावर गुणांचा तक्ता असेल, तो वाचून सांग.

सानिका : प्र. १ ला ८, प्र. २ ला ६, प्र. ३ ला ५, प्र. ४ ला ५. बेरीज २४ बरोबर आहे. पण प्र. ५ चा रकाना रिकामा आहे!

कुलकर्णी काका : रिकामा की शून्य? नीट बघ, सगळं त्यावर अवलंबून आहे.

सानिका : रिकामा. आणि पान २३, २४ वर मी पाचवा सोडवलाय, तिथे लाल पेनाची एक खूणसुद्धा नाही.

स्मिता : अगं बाई!

डी-४०२ प्रणव : काका, शून्य असतं तर काय फरक पडला असता?

कुलकर्णी काका : शून्य दिलंय म्हणजे परीक्षकाने उत्तर वाचलं आणि त्याला पटलं नाही. तिथे पुनर्मूल्यांकनच मागावं लागतं, म्हणजे दुसरा परीक्षक पेपर नव्याने तपासतो. त्यात गुण कमीही होऊ शकतात. रकाना रिकामा असेल तर उत्तर तपासायचंच राहिलंय. ते गुणपडताळणीत धरलं जातं. पडताळणीत बेरीज आणि सुटलेली उत्तरं बघतात, दिलेल्या गुणांना हात लावत नाहीत.

स्मिता : मग पडताळणीच मागू ना? हिला चारच गुण हवेत.

कुलकर्णी काका : विद्यापीठाच्या परिपत्रकात दोन्हींची मुदत आणि फी बघा. पडताळणीचा निकाल येईपर्यंत पुनर्मूल्यांकनाची मुदत संपणार असेल तर दोन्ही अर्ज भरा. आणि पोर्टलवरचा अर्ज फी भरूनच करायचा. नुसता मेल म्हणजे अर्ज नव्हे, तो अर्जाला जोडलेला पुरावा.

सानिका : अर्ज आत्ताच भरला, दोन्ही. मेल असा चालेल? माझा आसन क्रमांक...

कुलकर्णी काका : थांब, तो ग्रुपवर टाकू नकोस! शेवटचे आकडे झाक.

सानिका :
"विषय : गुणपडताळणी व पुनर्मूल्यांकन – अभियांत्रिकी गणित-३ – आसन क्र. एस १८०४×××

मा. संचालक, परीक्षा व मूल्यमापन मंडळ यांस,

मी द्वितीय वर्ष अभियांत्रिकी, सत्र ३ ची विद्यार्थिनी. कायम नोंदणी क्रमांक ७२×××××××. अभियांत्रिकी गणित-३ या विषयात मला ७० पैकी २४ गुण मिळाले आहेत.

छायाप्रतीत प्र. ५ चे उत्तर पान २३ व २४ वर आहे. त्यावर परीक्षकांची खूण अथवा गुण नाहीत आणि मुखपृष्ठावरील तक्त्यात प्र. ५ चा रकाना कोरा आहे. हे उत्तर तपासून गुण द्यावेत, ही विनंती.

ऑनलाइन अर्ज व शुल्क भरले आहे. सोबत : अर्जाची पावती, छायाप्रतीचे मुखपृष्ठ, पान २३ व २४."

प्रणव : कडक! मी मागच्या वेळी दोन पानी निबंध पाठवला होता.

कुलकर्णी काका : उत्तम. आता अर्ज क्रमांक आणि विषयाचा सांकेतांक हॉल तिकिटावर आहे तस्सा घाल, कारण गणित-२ आणि ३ च्या सांकेतांकांत एका आकड्याचाच फरक असू शकतो. आसन क्रमांकही याच सत्राचा हवा. तो दर सत्राला बदलतो, नोंदणी क्रमांक बदलत नाही. मुलं नेमकी जुन्या हॉल तिकिटावरून उतरवतात.

सानिका : अय्यो, मी खरंच सत्र २ चा टाकला होता 🙈

कुलकर्णी काका : 😄 नोंदणी केलेल्या मेलवरूनच पाठव, आणि कॉलेजच्या परीक्षा अधिकाऱ्यांना प्रत दे. ते फोन करू शकतात, आपण करून कुणी उचलत नाही.

सानिका : पाठवला! लगेच उत्तरही आलं, "आपला ईमेल प्राप्त झाला आहे."

कुलकर्णी काका : ते यंत्राचं उत्तर. त्याची प्रिंट काढून ठेव, आणि सोमवारी कॉलेजमध्ये अर्जाची प्रत देऊन शिक्का मारून घे.

सी-२०१ महेश : टँकर आला. गेट उघडा कुणीतरी.