प्रतिसाद: संग्रहाचं नाव

> «तालुक्याच्या गावातल्या बायकांच्या नऊ कथा आहेत, पहिलाच संग्रह. ‘उंबरठा’ ठेवू की भिशीच्या कथेचं ‘शेवटचा नंबर’?»

‘शेवटचा नंबर’ ठेवा, पण ‘भिशीचा शेवटचा नंबर’ असं पूर्ण. नुसतं ‘शेवटचा नंबर’ म्हटलं की दवाखान्याची रांगही डोळ्यांपुढे येते; ‘भिशी’ शब्द आला की गाव, बायका आणि पैसा तिन्ही एकदम हजर. दर महिन्याला हप्ता भरायचा, चिठ्ठी निघताना दुसरीचं नाव ऐकायचं आणि आपली रक्कम सगळ्यांच्या मागून घ्यायची, हे थांबणं बाकीच्या आठ कथांतल्या बायकांच्याही वाट्याला आहे का, तेवढं तपासा. नसेल तर हे नाव एकाच कथेचं राहील, संग्रहाचं होणार नाही.

‘उंबरठा’ नकोच. १९८२ च्या चित्रपटामुळे शोधलं की आधी तोच सापडेल. शिवाय त्या शब्दावरून घराबाहेर पडणाऱ्या बाईची गोष्ट वाचक आधीच गृहीत धरतो आणि तुमच्या कथांना स्वतःहून काही सांगायला जागा उरत नाही.

शीर्षककथा पहिली लावू नका, मधे कुठेतरी येऊ द्या. नावाचा अर्थ वाचकाला तिथे पोचल्यावर लागेल. आणि मुखपृष्ठावर भिशीच्या चिठ्ठ्यांचं चित्र मात्र टाळा, नाव तेच सांगतंय.