भातकापणीला आठवडाभर रजा द्यायची का?

अंधेरीवाला: टीममधला एक मुलगा ऑक्टोबरच्या मध्यात आठवडाभर रजा मागतोय, गावाला भातकापणी आहे म्हणून. नक्की तारीख विचारली तर म्हणतो, पाऊस उघडला की सांगतो. गणपतीला सोडलाच होता. पाऊण एकरासाठी इथलं काम अडवायचं? मजूर लावा, मशीन लावा, पैसे पाठवा. सांगा, माझं काय चुकतंय?

लांजेकर: मजूर लावा म्हणणं सोपं आहे. वाडीतलं सगळं भात एकाच आठ-दहा दिवसांत पिवळं होतं, म्हणजे मजूर म्हणून ज्याला बोलवायचं तो स्वतःच्याच शेतात असतो. आमच्याकडे माणसाच्या बदल्यात माणूस मिळतो. ज्या घरातून कोणी दुसऱ्याकडे जाऊ शकत नाही, त्यांची कापणी सगळ्यात शेवटी.

पाऊण एकर म्हणजे 30 गुंठे. सराईत माणूस दिवसाला चारेक गुंठे कापतो, म्हणजे चौघांना दोन दिवस. कापलेलं एक-दोन दिवस तिथेच वाळायला लागतं. मग भारे बांधायचे, डोक्यावरून खळ्यात आणायचे, झोडायचं. आठवडा सहज जातो. मधे परतीचा पाऊस आला आणि कापलेलं पाण्यात राहिलं, तर दोन-तीन दिवसांत दाण्याला कोंब फुटतात. गेल्या खेपेला आमच्या खालच्या खाचरात हेच झालं. वरून भारा चांगला दिसत होता, उलटा केला तर खाली हिरवे कोंब आणि आंबट वास. ते भात गुरांपुढे टाकलं.

नाशिककर: अहो, हार्वेस्टर तासाभरात एकर काढतो. आमच्याकडे कोणी विळा हातात घेत नाही आता. कोकणी माणसाला बदलायचंच नसतं.

लांजेकर: तुमचा हार्वेस्टर आमच्या बांधावरून उतरवून दाखवा. दोन-तीन गुंठ्यांची खाचरं, पायऱ्यांसारखी एकाखाली एक, खालच्यात घोटाभर चिखल. हातात धरून चालवायचा रीपर वरच्या कोरड्या खाचरात चालतो, तेवढं तुमचं मान्य. तेही भात उभं असेल तर. वाऱ्याने आडवं झालं की विळाच.

भांडुपची ताई: सगळे "मुलगा, मुलगा" काय लावलंय? माझा भाऊ पुण्यात नोकरीला आहे, त्याला रजा मिळत नाही. मी दरवर्षी बिनपगारी घेऊन आईबरोबर कापणीला जाते. वडील गेल्यावर वारसनोंदीची वेळ आली तेव्हा काका म्हणाले, तू सही करून दे, तू सासरची.

नाशिककर: ताई, घरची भांडणं इथे कशाला? विषय रजेचा आहे.

भांडुपची ताई: विषय हाच आहे. विळा हातात असतो तेव्हा मी माहेरची, सातबारा निघाला की सासरची! महाराष्ट्रात मुलीला वाटा 1994 पासून आहे, देशभर 2005 पासून. मी सही केली नाही, तर दोन वर्षं भाऊ बोलत नाही.

नाशिककर: बहिणीने हक्क सोडला तर जमिनीचे तुकडे होत नाहीत, एवढंच म्हणणं असतं लोकांचं.

भांडुपची ताई: दोन भावांत वाटणी होते तेव्हा तुकडे होत नाहीत का? तेव्हा कोणी भावाला सही मागत नाही!

परळकर: दोघेही थांबा. अंधेरीवाले, तुमच्या ऑफिसला 2017 चा दुकाने आणि आस्थापना कायदा लागू असेल तर वर्षाला आठ किरकोळ रजा, शिवाय आदल्या वर्षी 240 दिवस भरले असतील तर दर वीस दिवसांमागे एक भरपगारी. तो त्याच्या खात्यातली रजा मागतोय, तुमच्या खिशातली नाही.

अंधेरीवाला: खात्यात रजा आहे, नाही म्हणत नाही. पण कधी घ्यायची हे आधी ठरायला नको? माझ्याकडे महिनाअखेरीचं काम असतं, आदल्या रात्री फोन आला तर मी माणूस कुठून आणू?

लांजेकर: हे रास्त आहे. त्याला भात कधी निसवलं ते विचारा. लोंबी बाहेर पडल्यापासून साधारण महिन्याने कापणीला येतं. 15 सप्टेंबरला निसवलं असेल तर 15 ऑक्टोबरच्या आसपास, म्हणजे 12 ते 22 असा अंदाज तो तीन आठवडे आधी देऊ शकतो. नेमका दिवस पाऊस ठरवणार. आणि सलग आठवडा लागेलच असं नाही. चार-पाच दिवसांत कापून, वाळवून, भारे रचून उडवी वरून पेंढ्याने नीट झाकली, तर झोडणी नंतरच्या शनिवार-रविवारी होते. भारे ओले रचले तर मात्र आतून तापतात, म्हणून वाळायचा दिवस कमी करायला सांगू नका.

अंधेरीवाला: बरं, निसवल्याची तारीख विचारतो. पाच दिवस देईन, 25 च्या आत परत आला तर. पाऊस लांबला तर मात्र माझ्याकडे उत्तर नाही.

भांडुपची ताई: त्याला बहीण असेल तर तिलाही कोणी रजा देतंय का, ते विचारा. आणि सातबारावर नाव आहे का, तेही.