मदत हवी आहे: कर्नाटकातल्या तहसीलला अर्ज मराठीत द्यावा की कन्नडमध्ये?

शिवारकर
बेळगाव जिल्ह्यात आमची दोन एकर जमीन आहे. आजोबा गेल्यावर वारसा नोंद झाली, पण पहाणीत बाबांचं नाव 'जोतिबा'ऐवजी 'जोतेप्पा' पडलंय. दुरुस्तीचा अर्ज मराठीत नेला, तर खिडकीवरच्या बाईंनी 'कन्नडमध्ये आणा' म्हणून परत दिला. बाबा कन्नड बोलतात, पण वाचता येत नाही. जे वाचता येत नाही त्यावर सही करणार नाही, असं त्यांचं म्हणणं. काय करावं?

सीमावासी
घटनेचं कलम 350 दाखवा. मराठी अर्ज घ्यावाच लागतो, आणि उत्तरही मराठीतच द्यावं लागतं. मुळीच माघार घेऊ नका!

पणजीकर
मी तर सरकारी अर्ज कायम मराठीत देतो. कधी अडलं नाही.

निवृत्त कारकून
पणजीकर, गोव्याची गोष्ट वेगळी. तिथे 1987 च्या कायद्याने कोकणी राजभाषा झाली, तरी मराठीच्या वापराची सोय त्याच कायद्यात ठेवलीय.

सीमावासींचं पहिलं वाक्य बरोबर आहे. गाऱ्हाणं त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत मांडायचा हक्क 350 देतं. उत्तर कोणत्या भाषेत यावं, याबद्दल मात्र ते काहीच म्हणत नाही.

शिवारकर, हक्क सोडू नका, पण काम लवकर व्हायचं तर एकाच कागदावर डावीकडे कन्नड, उजवीकडे मराठी लिहा. बाबांनी मराठीखाली सही करावी. ज्याने कन्नड केलं, त्याने खाली 'अर्जदाराला वाचून दाखवलं' असं लिहून आपली सही करावी.

खरी मेख नावात आहे. भाषांतर करणारा सवयीने 'बा'चा 'प्पा' करतो आणि दुरुस्तीच्या अर्जातच जुनी चूक उतरते. कर्नाटकातल्या आधारवर नाव कन्नड लिपीतही असतं. ते बरोबर असेल तर तेच अक्षरन्‌अक्षर उतरवायला सांगा.

शिवारकर
आधारवरचं नाव शेजाऱ्यांकडून वाचून घेतलं, बरोबर आहे. आजोबांच्या नावाचा 1952 चा मराठी फेरफारही आहे. तो जोडू का?

निवृत्त कारकून
1956 पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होतं, त्यामुळे असे मराठी कागद तिथे नवीन नाहीत. पण त्यातून जमीन आजोबांची एवढंच दिसेल. बाबांच्या नावाला शाळेचा दाखला हवा. दोन्हींच्या झेरॉक्स द्या, मागे कन्नड भाषांतर लावा. मूळ कागद हातातून सोडू नका.

सीमावासी
म्हणजे शेवटी कन्नडच! मग हक्काचा उपयोग काय?

निवृत्त कारकून
अर्ज परत करता येत नाही, हा उपयोग. पुन्हा नाकारला तर कारण लेखी मागा.

शिवारकर
आज दोन्ही भाषांतला अर्ज घेतला, पोचही दिली. पोच कन्नडमध्ये आहे. शेजारी म्हणतात, त्यावर अर्जदार 'जोतेप्पा' आहे.

निवृत्त कारकून
उद्या सकाळीच जा. आधार सोबत न्या.